पश्चिमेच्या खिडकीतला पडदा

हळदीचा डाग पडला की घरातली मोठी माणसं एकच उपाय सांगतात: कपडा साबणाने धुवून उन्हात टाका. साबण लागताच डाग लालभडक होतो, पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि दोन दिवसांच्या उन्हानंतर तो बहुतेक दिसेनासा झालेला असतो. धुण्याने न निघालेला रंग उन्हाने काढला. हळदीतलं रंगद्रव्य, म्हणजे कर्क्युमिन, प्रकाशापुढे फारच हळवं आहे. दिवाणखान्यातल्या पडद्यांचं आणि सोफ्याच्या कव्हरांचं जे होतं ते याच जातीचं, फक्त संथ. शिवाय तिथे ते कुणाला नको असतं.

रंग दिसतो तो रंगाच्या रेणूने प्रकाशाचा काही भाग शोषून घेतल्यामुळे. निळा पडदा लाल-पिवळा प्रकाश गिळतो आणि निळा परत पाठवतो. गिळलेल्या प्रकाशाबरोबर ऊर्जा येते आणि ती कुठेतरी जावी लागते. बहुतेक वेळा तिची उष्णता होते आणि रेणू पूर्ववत होतो. पण कोट्यवधी वेळा हे घडताना एखाद्या वेळी उत्तेजित झालेला रेणू शेजारच्या ऑक्सिजनशी किंवा धाग्याशी रासायनिक क्रिया करून बसतो. मग त्याची जी रचना रंग दाखवत होती तीच मोडते. रेणू धाग्यातच असतो, पण आता तो बिनरंगी असतो. म्हणून विटलेला पडदा कितीही वेळा धुतला तरी रंग परत येत नाही. तो मळलेला नसतोच.

दमट हवेत हे काम लवकर होतं. सुती धागा ओलाव्याने फुगतो, हवा आणि पाणी आत शिरतं, आणि रंगाच्या रेणूला क्रियेसाठी साथीदार मिळतात. कोकणपट्टीतल्या घरातला सुती पडदा कोरड्या हवेतल्या तशाच पडद्यापेक्षा लवकर फिका पडला, तर त्यामागे हे एक कारण असू शकतं.

सगळा दोष अतिनील किरणांवर टाकण्याची पद्धत आहे. अतिनील किरणांत ऊर्जा जास्त असते हे खरं. त्यांतले सर्वांत आखूड लांबीचे किरण खिडकीची साधी काच अडवते, पण लांब पट्ट्याचे बरेचसे किरण आत येतात. आणि गोष्ट तिथे संपत नाही. डोळ्यांना दिसणारा प्रकाशही रंग उडवतो. रंग जितका कच्चा तितका तो साध्या प्रकाशानेच जास्त मोडतो. ही बाब पुढे काचेवरच्या फिल्मच्या हिशेबात महत्त्वाची ठरते.

दुकानात गिऱ्हाईक विचारतं, “रंग पक्का आहे ना?” दुकानदार म्हणतो, “एकदम पक्का, धुवून बघा.” दोघेही खरं बोलत असतात, पण ते पाण्याबद्दल बोलत असतात. पाण्यात पक्का असणं आणि उन्हात पक्का असणं हे दोन निराळे गुण आहेत. सुती कापडासाठी आज सर्रास वापरले जाणारे रिॲक्टिव्ह रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडलेले असतात, त्यामुळे धुण्यात ते उत्तम टिकतात. उन्हात मात्र त्यांतले बरेचसे मध्यम दर्जाचे निघतात. उलट काही पिगमेंटचे छाप उन्हाला दाद देत नाहीत, पण हाताने चोळले की रुमालाला रंग लागतो. पडद्याला धुलाई वर्षातून दोन-तीन वेळा आणि ऊन रोज. तरीही प्रश्न मात्र धुलाईचाच विचारला जातो.

उन्हातल्या टिकाऊपणाचं मोजमाप ठरलेलं आहे. निळ्या रंगात रंगवलेल्या लोकरीच्या आठ पट्ट्यांचा संच असतो, त्याला ब्लू वूल म्हणतात. पहिली पट्टी पटकन विटते, आठवी फारच सावकाश, आणि दर पायरीला लागणारं ऊन आधीच्या दुप्पट किंवा थोडं जास्त असतं. कापडाचा तुकडा आणि या पट्ट्या झेनॉन दिव्याखाली एकत्र ठेवतात, प्रत्येकाचा अर्धा भाग झाकून, आणि कापड कोणत्या पट्टीबरोबर विटलं ते पाहतात. तोच त्याचा क्रमांक. फर्निशिंगच्या चांगल्या कापडाच्या माहितीत हा आकडा छापलेला असतो. पडद्यासाठी ५ च्या खाली जाऊ नये, आणि थेट ऊन येत असेल तर ६ मागावा. सोफ्याचं कापड विकताना विक्रेता घासाच्या चाचणीचा मोठा आकडा उत्साहाने सांगतो. उन्हाचा आकडा बहुतेकदा कॅटलॉगच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत असतो, तो आपणच शोधावा लागतो.

४ आणि ६ यांत फरक किती? पश्चिमेच्या खिडकीत टांगलेल्या पडद्यावर संध्याकाळी रोज तीन तास थेट ऊन पडतं असं धरू. काचेतून आलेल्या त्या उन्हाची तीव्रता ५०,००० लक्स मानली तर रोजचा हिशेब दीड लाख लक्स-तास होतो. कॅनडाच्या संवर्धन संस्थेने संग्रहालयांसाठी जे ढोबळ अंदाज दिले आहेत, त्यांनुसार काचेतून आलेल्या दिवसाच्या उजेडात चौथ्या दर्जाच्या रंगात नजरेला जेमतेम जाणवणारा फरक सुमारे ३५ लाख लक्स-तासांत पडतो. म्हणजे साधारण तेवीस उन्हाचे दिवस. सहाव्या दर्जाला त्यासाठी दोन कोटी लागतात, म्हणजे चार महिन्यांहून अधिक. आठव्याला बारा कोटी, म्हणजे दोन वर्षांच्या पुढे. हे आकडे पहिल्या खुणेचे आहेत. पूर्ण विटायला अशा तीसेक पायऱ्या उतराव्या लागतात. तरीही पहिली खूणच महत्त्वाची, कारण पडद्याच्या घडीत झाकलेला भाग शेजारीच असतो आणि डोळा दोन्हींची तुलना करतो. चौथ्या दर्जाचा पडदा घेऊन पश्चिमेला लावला तर दिवाळीत शिवलेल्या पडद्यावर होळीपर्यंत उभे पट्टे दिसू लागले, याचं नवल वाटायला नको.

उन्हातल्या रंगाची ही चिंता पहिल्यांदा गंभीरपणे घेणाऱ्यांत जेम्स मॉर्टन हा स्कॉटिश कापड-उत्पादक होता. १९०२ च्या सुमारास लंडनमधल्या एका मोठ्या दुकानाच्या काचेत त्याने स्वतःच्याच कारखान्याचं कापड मांडलेलं पाहिलं. आठवडाभरातच ते फिकट झालं होतं. मॉर्टनने बाजारात मिळणारे रंग आणि त्यांनी रंगवलेल्या कापडाचे तुकडे काचेखाली उन्हात ठेवून पाहायला सुरुवात केली. फारच थोडे तरले. तरलेल्यांच्या बळावर त्याने ‘सनडूर’ नावाने असं कापड बाजारात आणलं, जे विटणार नाही याची हमी दिलेली होती.

त्याच्या हाती एक नवं हत्यार नुकतंच आलं होतं. १९०१ साली जर्मनीत बीएएसएफ कंपनीतल्या रेने बोन या रसायनशास्त्रज्ञाला नीळ सुधारण्याच्या खटपटीत एक वेगळाच निळा रंग सापडला. त्याचं नाव इंडॅन्थ्रीन. हा आणि याच्या कुळातले रंग पाण्यात विरघळत नाहीत. ते रंगवायचे तर कॉस्टिक सोडा आणि हायड्रोसच्या कोमट-गरम द्रावणात त्यांना विरघळणाऱ्या रूपात आणावं लागतं. मग त्या द्रावणात कापड बुडवून काढलं की हवेने किंवा ऑक्सिडायझरने रंग पुन्हा न विरघळणाऱ्या रूपात येतो, आणि तोही धाग्याच्या आत अडकून. शेवटी उकळत्या साबणाच्या पाण्यातून कापड काढतात. हे नुसतं स्वच्छ करणं नसतं. या उकळण्यात रंगाचे सुटे रेणू एकमेकांजवळ येऊन बारीक स्फटिकांसारखे गट बनवतात, आणि गटातल्या आतल्या रेणूंना ऊन-ऑक्सिजन सहज पोचत नाही. ही पायरी घाईत उरकली तर छटा आणि उन्हातला टिकाऊपणा दोन्ही घसरतात. या रंगांना व्हॅट रंग म्हणतात. ब्लू वूलच्या सातव्या आणि आठव्या पट्ट्याही याच कुळातल्या रंगांनी रंगवतात, यावरून त्यांची पत कळावी.

पहिल्या महायुद्धात जर्मन रंग येणं बंद झालं, तेव्हा मॉर्टनने स्वतः रंग बनवायला घेतले. त्यातून स्कॉटिश डाइज ही कंपनी उभी राहिली आणि १९२० साली तिथे कॅलिडॉन जेड ग्रीन हा हिरवा रंग निघाला. रंगवताना द्रावण निळं असतं, कापड हवेत आलं की लखलखीत हिरवं होतं. त्या काळी टिकाऊ हिरवा मिळणं अवघड होतं, कारण हिरवा बहुधा पिवळा आणि निळा मिसळून करावा लागे आणि दोघांपैकी एक आधी जात असे. हा एकट्याच रेणूचा हिरवा होता. आजही तो वापरात आहे. १९२८ मध्ये याच कंपनीच्या ग्रेंजमाउथच्या कारखान्यात आणखी एक गंमत झाली. पांढरं फ्थॅलिमाइड बनवताना भांड्याच्या आतल्या लेपाला तडा गेल्याने माल लोखंडाला लागला आणि त्यात निळसर कण दिसू लागले. त्या कणांच्या अभ्यासातून फ्थॅलोसायनिन हे निळ्या-हिरव्या पिगमेंटचं कुटुंब पुढे आलं. त्यातला तांब्याचा निळा १९३५ मध्ये बाजारात आला, आणि आज छपाईपासून ताडपत्रीपर्यंत उन्हात टिकणारा निळा म्हटलं की बहुधा तोच असतो. भारतातही व्हॅट रंग बनू लागले. वलसाडजवळ अतुलच्या परिसरात ब्रिटिश भागीदारीतून आणि कल्याणजवळ इंडियन डायस्टफ इंडस्ट्रीजमध्ये ‘नॅव्हिनॉन’ नावाने. या रंगांची एकच खोट, ती किमतीची. रिॲक्टिव्हपेक्षा ते महाग आणि रंगवायला कटकटीचे, म्हणून स्वस्त सुती पडद्यात ते असतील असं गृहीत धरू नये. विचारावं.

दुकानात रंगाचं कूळ कळणं अवघड असतं. पण छटेवरून काही अंदाज बांधता येतो. एकाच रंगाची फिकी छटा गडद छटेपेक्षा लवकर विटते, कधी एक-दोन क्रमांकांनी खाली. फिक्या छटेत रेणू विखुरलेले असतात, त्यांना गटाचं संरक्षण नाही, शिवाय जायला रंगच थोडा असतो. त्याहून फसव्या असतात राखाडी, बदामी, तपकिरी, ऑलिव्ह अशा मिश्र छटा. त्या साधारणपणे पिवळा, लाल आणि निळा असे तीन रंग मिसळून करतात. त्यांतला एक जरी कमजोर असला तरी पडदा फिका होत नाही, त्याचा रंगच पालटतो. निळा गेला तर बदामी गुलाबीकडे झुकतो, लाल गेला तर हिरवटाकडे. असं झालं की घरातल्या लोकांना धुलाईवाल्यावर संशय येतो. खातरजमा सोपी आहे. खालच्या दुमडीची शिलाई दोन बोटं उसवून आतला भाग पाहावा. तिथला रंग मूळचा असेल आणि बाहेरचा पालटलेला, तर ते काम उन्हाचं. धुलाईने गेलेला रंग दुमडीच्या आतही गेलेला असतो.

रंगाइतकाच प्रश्न धाग्याचा. रेशीम दिसायला राजेशाही, पण उन्हात नैसर्गिक धाग्यांत तेच सर्वांत दुबळं. रंग राहिला तरी धागा कुजतो, आणि जुना रेशमी पडदा धुताना हातात चिरतो. तागात लिग्निन असल्याने तो उन्हात पिवळा-तपकिरी होतो. नायलॉन तोच मार्ग धरतो, विशेषतः चमक कमी करण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड घातलेला. कापूस मधला, सावकाश कमजोर होणारा. पांढऱ्या झिरझिरीत पडद्याचं पिवळेपण पुष्कळदा धाग्याचं नसतंच. त्याला नीळसर पांढरेपणा देणारा ब्राइटनर उन्हाने मोडतो आणि खालचा खरा रंग उघडा पडतो.

कापसाच्या बाबतीत एक खोच आहे. व्हॅट रंगांतले काही पिवळे आणि नारिंगी स्वतः टिकतात, पण उन्हाची ऊर्जा शोषून धाग्याजवळच्या ऑक्सिजनला भडकवतात. मग रंग तसाच आणि कापड मात्र फाटायला आलेलं, असा प्रकार होतो. उन्हाच्या खिडकीसाठी भडक पिवळा सुती पडदा घ्यायचा असेल तर रंगाचा क्रमांक पाहून भागत नाही.

काचेच्या आतल्या बाजूला पॉलिएस्टर फार चांगलं टिकतं, आणि त्याचं कारण गमतीचं आहे. पॉलिएस्टरला इजा करणारे आखूड किरण नेमके तेच असतात, जे साधी काच अडवते. शिवाय ते पाणी जवळजवळ पीत नाही. ते रंगवण्यासाठी डिस्पर्स रंग दाबाखाली, १३० अंशांच्या आसपास तापवून, धाग्यात शिरवतात. नीट निवडलेले डिस्पर्स रंग पडद्याला पुरेसे टिकाऊ असतात. एकाच रंगाचं नशीब धागा बदलला की कसं बदलतं, याचं उत्तम उदाहरण बेसिक रंगांचं. कापूस-रेशमावर ते इतके कच्चे की एकोणिसाव्या शतकातल्या पहिल्या कृत्रिम रंगांची बदनामी त्यांनीच केली. तेच ॲक्रिलिकवर चढवले की चांगले टिकतात.

खिडकीची दिशाही पाहावी लागते, कारण महाराष्ट्रात सूर्य फसवतो. दक्षिणेची खिडकी उन्हाळ्यात जवळजवळ कोरडी असते. सूर्य डोक्यावर असतो, आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबई-पुण्याच्या माध्याह्नी तो थोडा उत्तरेकडेच असतो. डिसेंबरात मात्र पुण्यात दुपारी तो क्षितिजापासून फक्त ४८ अंशांवर असतो, आणि दक्षिणेचं ऊन खोलीत आतपर्यंत येतं. पूर्व-पश्चिमेला बारा महिने ऊन तिरपं आणि खोलवर. सोफा पश्चिमेच्या खिडकीसमोर असेल तर पाठीची वरची कड आणि एकच हात विटतो, बाकी सोफा नवाकोरा दिसतो. उशा उलटसुलट करण्याने हे लांबतं, टळत नाही.

काचेवर अतिनील रोखणारी फिल्म लावण्याचा सल्ला सगळे देतात. वर उल्लेखलेल्या अंदाजांतच तिचा खरा हिशेब सापडतो. चौथ्या दर्जाच्या रंगाला जाणवण्याइतकं विटायला अतिनीलसह ३५ लाख लक्स-तास लागतात, अतिनील वगळलं तर एक कोटी. म्हणजे आयुष्य जवळपास तिप्पट. सहाव्या दर्जाला दोन कोटींऐवजी दहा कोटी, पाचपट. पण पहिल्या दर्जाच्या कच्च्या रंगाला फक्त दीडपटीच्या जवळपास लाभ, कारण तो दिसणाऱ्या प्रकाशानेच मरतो. थोडक्यात, फिल्म चांगल्या कापडाला अधिक मदत करते आणि ज्याला गरज जास्त त्याला कमी. पडद्याला मागून पांढरं किंवा क्रीम सुती अस्तर लावणं जास्त भरवशाचं. ते सगळाच प्रकाश अडवतं, स्वस्त असतं, आणि कुजलं की तेवढंच बदलता येतं. एकच पथ्य: अस्तर वेगळं शिवून हुकाने अडकवावं, म्हणजे दोन्ही धुताना वेगवेगळी आटली तरी पडद्याला झोल पडत नाही.

कॅटलॉगमध्ये आकडा नसेल तर घरीच चाचणी करता येते. दुकानदाराकडून वीतभर नमुना मागून घ्यावा. त्याच्या अर्ध्या भागावर ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळून, मागे पुठ्ठा लावून, ज्या खिडकीसाठी कापड हवं तिच्याच काचेच्या आत, पण काचेला न चिकटवता, टांगावा. एप्रिल-मेतले चार आठवडे पुरेत. मग फॉइल काढून उजेडात, सूर्यप्रकाशात नव्हे, दोन्ही अर्धी शेजारी पाहावी. सीमारेषा दिसली तर रंग चौथ्या दर्जाचा किंवा त्याखालचा आहे. कोणतीही रेषा न दिसली तर ५ च्या आसपास किंवा वर असण्याची बरीच शक्यता. पावसाळ्यात ही चाचणी करू नये, ऊनच पुरेसं मिळत नाही.

काचेबाहेर, म्हणजे गॅलरीतल्या झोपाळ्याच्या गाद्या किंवा गच्चीवरची छतं, तिथे खेळ बदलतो. काचेचा आडोसा नाही, पाऊस आहे आणि पॉलिएस्टरचा फायदा संपतो. इथे सर्वांत उजवा ठरतो तो सोल्यूशन-डाईड ॲक्रिलिक. यात धागा रंगवत नाहीत. थालीपीठाच्या पिठातच तिखट-हळद मळावी तसं, पॉलिमरच्या घट्ट द्रावणात पिगमेंट मिसळून त्यातूनच धागा ओढतात. पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंत एकच रंग असतो, पिगमेंटही फ्थॅलोसायनिन, कार्बन ब्लॅकसारखं न विरघळणारं. अमेरिकेतल्या ग्लेन रेव्हन कंपनीने १९६१ मध्ये सनब्रेला नावाने असं कापड ऑनिंगसाठी आणलं. आज बाहेरच्या फर्निचरचं हे नेहमीचं कापड आहे. रंगांची निवड थोडी मर्यादित, किंमत चढी. पॉलिप्रॉपिलीनचंही धाग्यातच रंगवलेलं कापड मिळतं आणि ते स्वस्त असतं, पण उन्हापासून बचावाचा स्टॅबिलायझर पुरेसा नसेल तर काही वर्षांत धागा भुसभुशीत होतो.

आणि ॲक्रिलिकच्या गाद्यांबाबत टेलरला एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. कापड वर्षानुवर्षं टिकलं तरी साधा पॉलिएस्टर दोरा उघड्यावर त्याच्याआधी जातो आणि गादी शिवणीवरच उकलते. त्यासाठी उन्हात न कुजणारा पीटीएफईचा दोरा मिळतो. तो महाग असतो, पण एका गादीला लागतो तो जेमतेम काही मीटर.